विश्लेषण : पॅकेज चार लाख वीस हजारांचे, तरी शहरातले पहिले सहा महिने जड का जातात?

जून-जुलै उजाडला की उदगीर, अंबाजोगाई, परभणी, हिंगोली अशा गावांतून पुण्याकडे सुटणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत नव्या नोकरदारांची भर पडते. सोबत चाकांची बॅग, गुंडाळलेली गादी, आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि मोबाइलमध्ये ऑफर लेटरची पीडीएफ. गावात त्या पीडीएफमधला एकच आकडा सर्वांना ठाऊक असतो. पुढच्या सहा महिन्यांत काय काय सोसावे लागणार, याचा मात्र त्यात उल्लेख नसतो.

या काळातल्या तक्रारी तीन असतात. पैसे पुरत नाहीत, करमत नाही आणि कार्यालयात बोलायची भीती वाटते. त्या वेगवेगळ्या वाटल्या तरी एकमेकींत अडकलेल्या आहेत. टीमबरोबर जेवायला जायला पैसे नसले की माणूस काहीतरी कारण सांगून खोलीवर परततो. दोन-तीनदा नाही म्हटले की पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. ओळख नसलेल्या माणसाला कामातली शंका विचारणे अवघड जाते आणि शंका न विचारल्याने काम अडते. म्हणून या प्रश्नाची सुरुवात पगारापासूनच करावी लागते.

चार लाख वीस हजारांचे महिन्याला किती होतात?

नमुन्यादाखल उदगीरची एक मुलगी घेऊ. वय २३, लातूरला अभियांत्रिकीचे शिक्षण, वडिलांचे किराणा दुकान, धाकटी बहीण बारावीला. हिंजवडीतल्या एका कंपनीत तिला वर्षाला ४,२०,००० रुपयांचे पॅकेज मिळाले. घरच्यांनी लगेच भागाकार केला, महिन्याला ३५ हजार. नात्यात आणि शेजारी हाच आकडा सांगितला गेला.

पॅकेज, म्हणजे कंपन्यांच्या भाषेत ‘सीटीसी’, हा त्या कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च असतो. त्यातला काही भाग हातात येतच नाही. या मुलीच्या पत्रात ३५ हजारांपैकी ३,५०० रुपये ‘व्हेरिएबल’ आहेत. ते वर्षअखेरीस कामगिरी पाहून मिळतील, पूर्ण मिळतीलच असेही नाही. कंपनी भविष्य निर्वाह निधीत स्वतःचा वाटा म्हणून १,८०० रुपये भरते, तोही पॅकेजमध्येच धरलेला आहे. ग्रॅच्युइटीची तरतूद ८४२ आणि आरोग्य विम्याचा हप्ता ६५८ रुपये. हे सारे वजा केल्यावर पगारपत्रकावर २८,२०० रुपये उरतात. त्यातून निर्वाह निधीतला तिचा स्वतःचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. बँकेत जमा होतात २६,२०० रुपये.

काही कंपन्या निर्वाह निधी १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापतात. काही जण पूर्ण मूळ वेतनावर कापतात, तेव्हा हातातली रक्कम आणखी घटते. महाराष्ट्रात महिलांना महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तिचा पगार त्यापुढे असल्याने तो लागला. आयकराचा प्रश्न इथे येत नाही, कारण नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. या पगारातून ‘टीडीएस’ कापलेला दिसला तर वेतन विभागाला विचारलेच पाहिजे.

निर्वाह निधी कापला जातो म्हणून हळहळण्याचे कारण नाही, ते पैसे तिचेच आहेत. मात्र पहिल्याच महिन्यात आपला ‘यूएएन’ क्रमांक टिपून ठेवावा. पुढे नोकरी बदलली तरी हा क्रमांक तोच राहतो. नव्या कंपनीत चुकून दुसरा क्रमांक काढला गेला, तर दोन्ही खाती जुळवताना बराच त्रास होतो.

एचआरला विचारायचा नेमका प्रश्न एकच आहे : ‘सगळी कपात होऊन दर महिन्याला बँकेत किती जमा होतील?’ नोकरी स्वीकारण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. अनेक नवखी मुले संकोचाने तो विचारत नाहीत आणि पहिल्या पगाराच्या दिवशी उत्तर कळते.

पहिला पगार येईपर्यंत काय करायचे?

खरी ओढाताण पहिल्या सहा आठवड्यांत होते. बहुतेक कंपन्यांत पगाराचा हिशेब महिन्याच्या मधेच, साधारण १५ ते २० तारखेच्या सुमारास बंद केला जातो. ही मुलगी १८ जुलैला रुजू झाली. जुलैचा हिशेब बंद झालेला असल्याने तिचे १४ दिवसांचे पैसे ऑगस्टच्या पगारात धरले गेले. पहिली रक्कम आली ती ३१ ऑगस्टला, साधारण ३८ हजार रुपये.

तोवर खर्च थांबलेला नव्हता. पीजीत दोघींची खोली महिना ९,५०० रुपये, त्यात नाश्ता आणि रात्रीचे जेवण. अनामत तेवढीच. जुलैचे अर्धे भाडे ४,७५० आणि ऑगस्टचे पूर्ण. बादली, चादरी, उशी, कार्यालयात घालायचे दोन-तीन कपडे यांत साडेचार हजार गेले. दुपारचे जेवण, बस, रिक्षा, मोबाइल असे आठवड्याला बाराशे धरले तरी सहा आठवड्यांचे ७,२०० होतात. एकूण बेरीज ३५ हजारांच्या पुढे जाते. हे पैसे वडिलांनी दुकानातून काढून दिले. म्हणजे पहिल्या पगाराच्या दिवशी तिच्या खात्यात जे आले, ते जवळपास सगळे घरचे देणे होते.

घरून सोय होत नसेल तर अनेक जण मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात. अर्ज दोन मिनिटांत मंजूर होतो, म्हणून तो हिशेब करून पाहणे गरजेचे आहे. समजा १० हजारांचे कर्ज घेतले, प्रक्रिया शुल्क आणि व्याज आधीच कापून खात्यात ८,८०० आले आणि ३० दिवसांनी १० हजार परत करायचे आहेत. बाराशे रुपये फार वाटत नाहीत. पण ८,८०० वर महिन्याला १,२०० म्हणजे वर्षाचा दर १६५ टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय पुढच्या पगारातून १० हजार गेले की तो महिनाही तोकडा पडतो आणि दुसरे कर्ज घ्यावे लागते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जापूर्वी वार्षिक दर आणि सर्व शुल्के दाखवणारे एक पत्रक ग्राहकाला द्यावे लागते. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत असते. तेवढ्या वेळात मुद्दल आणि त्या काळापुरते व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येते. प्रक्रिया शुल्क मात्र कर्जदात्याला ठेवता येते. पैसे देणाऱ्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव ॲपवर सापडत नसेल, किंवा फोनमधले संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितली जात असेल, तर ते ॲप काढून टाकावे. त्यापेक्षा एचआरला पगारातून उचल मिळेल का, हे विचारणे सोपे असते. पीजीवाल्याकडे अनामत दोन हप्त्यांत मागून पाहायलाही हरकत नसते. असे विचारणारे दर जुलैत येतात, त्यामुळे त्याला त्याचे नवल वाटत नाही.

घरी किती पाठवायचे?

सप्टेंबरपासून महिना सरळ सुरू होतो. २६,२०० पैकी ९,५०० पीजीला जातात. कँटीनचे दुपारचे जेवण १,७६०, प्रवास २,०००, रिचार्ज ३५०, साबण-औषध-धुलाई १,२००. रविवारी रात्री पीजीचे स्वयंपाकघर बंद असते, त्याचे ८००. बहिणीच्या क्लाससाठी घरी ५,०००. महिन्यातून एकदा खासगी स्लीपरने उदगीरला जाऊन येण्याचे १,८००. उरले ३,७९०.

या उरलेल्या रकमेतून बचत करायची, कपडे घ्यायचे, आजारपण निभावायचे आणि मित्रमंडळींबरोबर बाहेरही जायचे. दोन हजार बाजूला टाकले तर महिन्याला सुमारे अठराशे राहतात. टीमच्या एका जेवणात वर्गणी आठ-नऊशे सहज होते. म्हणजे अशी दोनच जेवणे परवडतात. तिने पहिल्या दोन महिन्यांत एकाही जेवणाला होकार दिला नाही, आणि त्याचे कारणही कोणाला सांगितले नाही.

घरच्यांना खरा आकडा माहीत नसणे, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट. वडिलांच्या मनात ३५ हजार आहेत, मुलीच्या खात्यात २६ हजार. वडील अजून पाच हजार मागतात तेव्हा त्यांना ती मागणी वाजवी वाटते. मुलगी नाही म्हणू शकत नाही, मग ती जेवणात काटकसर करते. आकडा लपवून ठेवल्याने दोन्हीकडे गैरसमज वाढतो. यावर सरळ उपाय म्हणजे पहिले पगारपत्रक वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवणे आणि फोनवर एकेक ओळ वाचून दाखवणे. दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या माणसाला विक्री आणि नफा यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘पप्पा, ही विक्री आहे, आणि हा हाती राहिलेला नफा,’ एवढ्यात काम होते.

घरी पाठवायची रक्कमही ठरलेली असावी. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम गेली, की घरच्यांनाही त्यावर विसंबता येते. दर वेळी मागितल्यावर देण्याची पद्धत पडली, तर महिन्याचा अंदाज कधीच बसत नाही.

प्रवासाच्या खर्चात मात्र वाव आहे. एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. रात्रीची एसटी खासगी स्लीपरइतकी आरामशीर नसते, पण खर्च निम्म्याहून कमी होतो. दिवाळीत खासगी गाड्यांचे दर चढतात, तेव्हा तर हा फरक डोळ्यांत भरतो. या एका बदलातून टीमच्या एका जेवणाचे पैसे सुटतात.

गजबजलेल्या शहरात एकटे का वाटते?

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, अगदी जवळच्या माणसाची उणीव. दोन, आपल्यासारख्या चारचौघांच्या गोतावळ्याची उणीव. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. आईशी रोज दीड तास व्हिडीओ कॉल करूनही रविवारी संध्याकाळी खोली खायला का उठते, याचे उत्तर यात आहे. आईची उणीव फोन थोडी भरून काढतो. संध्याकाळी ‘चहाला येतेस का?’ असे विचारणाऱ्या माणसाची जागा तो घेऊ शकत नाही. उलट रोजचा लांब फोन जेवणाच्या वेळीच होत असेल, तर पीजीतल्या मुलींशी बोलण्याची तीच वेळ हातची जाते.

मग ओळखीची मैत्री व्हायला किती काळ लागतो? कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांचा या विषयावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली होती. नुसत्या ओळखीतून सैलसर मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मैत्री म्हणावी अशी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवाभावाच्या मैत्रीसाठी २०० तासांहून अधिक. अभ्यास अमेरिकेतला आहे आणि आकडे ढोबळ आहेत. तरी त्यातली एक गोष्ट इथेही लागू पडते. एकत्र काम करताना घालवलेले तास मैत्रीच्या हिशेबात फारसे जमा होत नाहीत. गप्पा, जेवण, खेळ, नुसते बसणे यांचे तास जमा होतात. कार्यालयात रोज नऊ तास माणसांत बसूनही एकटे वाटते ते त्यामुळेच.

हा हिशेब त्या मुलीला लावून पाहू. रात्रीचे जेवण दोन मैत्रिणींबरोबर रोज तासभर झाले, तर सोमवार ते शुक्रवार पाच तास. शनिवार-रविवारी मिळून तीन तास. आठवड्याला आठ तास होतात. या गतीने ५० तास व्हायला सहा-सात आठवडे लागतात, २०० तासांना जवळपास सहा महिने. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जवळचे कोणी नाही असे वाटणे हा स्वभावाचा दोष म्हणता येत नाही. तास अजून भरलेले नसतात, इतकेच.

दर शनिवारी गावी पळणाऱ्यांचे गणित इथे बिघडते. शुक्रवारी रात्री निघायचे, सोमवारी पहाटे उतरून थेट कामावर जायचे. शहरातल्या ओळखींसाठी सर्वांत मोकळे असलेले दोन दिवस दर आठवड्याला निघून जातात, सोमवारचे काम अर्धवट झोपेत होते आणि तीन महिन्यांनीही पुणे परके ते परकेच राहते. महिन्यातून एकदा, आधी तारीख ठरवून जाणे अधिक सोसते. तारीख ठरलेली असली की मधले आठवडेही बरे जातात.

स्वस्त खोली की सोबतीची खोली?

पीजी पाहताना भाडे, पाणी, वाय-फाय आणि रात्री परतण्याची वेळ विचारली जाते. सोबतीचा विचार सहसा होत नाही. काही पीजीत जेवणाचा डबा खोलीच्या दाराशी ठेवतात. प्रत्येक जण मोबाइल समोर धरून एकटाच जेवतो. काही ठिकाणी खाली एकच जेवणघर असते आणि साडेआठ ते दहा या वेळेत सगळे तिथे येतात. दुसऱ्या प्रकारात तासांचा तो हिशेब आपोआप भरत जातो. जागा पाहायला रात्री नऊच्या सुमारास गेले, तर हा फरक पाच मिनिटांत कळतो. शिवाय त्या दिवशीची भाजी कशी आहे तेही दिसते.

एकट्याची खोली तेरा-चौदा हजारांना मिळत असेल, तर २६ हजारांच्या पगारात ती पहिल्या सहा महिन्यांसाठी न घेणेच शहाणपणाचे. खिशावर चार हजारांचा भार पडतो, आणि सोबतही जाते.

अनामत देताना पावती घ्यावी, निदान रक्कम ऑनलाइन पाठवून ‘अनामत’ असा शेरा लिहावा. सोडताना किती दिवस आधी सांगायचे, देखभालीच्या नावाखाली किती कापणार आणि ठरावीक महिने राहण्याची अट आहे का, हे लेखी विचारावे. यांतली एखादी अट तोंडीच सांगितली गेली, तर ती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावी आणि ‘बरोबर आहे ना?’ असे विचारून उत्तर घ्यावे. पीजीतले बहुतेक वाद अनामतीवरून होतात आणि तेव्हा हाताशी असलेला तो संदेश कामी येतो.

बैठकीत तोंड का उघडत नाही?

कॉलेजात ही मुलगी पहिल्या पाचांत होती. पुण्यात आल्यावर दोन गोष्टींनी तिचा आवाज गेला. पहिली इंग्रजी. वाचता येते, लिहिता येते, पण सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत पटकन बोलायची वेळ आली की वाक्य घशातच अडकते. दुसरी तिची मराठी. ‘काय करलालाव?’ असे ती सहज बोलून गेली तेव्हा टीममधला एक जण हसला. त्यात कुचेष्टा नसेलही. पण त्यानंतर ती मराठीही जपून बोलू लागली. माणूस दोन्ही भाषांत तोलून-मापून बोलू लागला की तो गप्पच आहे, असे इतरांना वाटते.

इतरांचे आपल्याकडे किती लक्ष असते, याचा अंदाज माणसाला नेहमी जास्तीचा येतो. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात साधारण एक चतुर्थांश लोकांनाच तो सांगता आला. बैठकीत चुकलेले क्रियापद बोलणाऱ्याला रात्री झोपू देत नाही. ऐकणारे तेव्हा स्वतःच्या पाळीची जुळवाजुळव करत असतात.

अर्थात हे वाचून कोणाची भीड चेपत नाही. तिला उपयोगी पडली ती साधी तयारी. सकाळच्या बैठकीत तीनच गोष्टी सांगायच्या असतात : काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे. तिने ही तीन वाक्ये आदल्या संध्याकाळी वहीत लिहायला सुरुवात केली आणि सकाळी बसमध्ये मनात दोनदा म्हणायची. बैठकीत वही समोर ठेवून वाचली तरी कोणाला खटकत नाही. महिनाभरात वाक्यांचे साचे तोंडात बसले, कारण रोज बदलतात ते फक्त कामाचे तपशील.

शंका विचारण्याचा प्रश्न याहून मोठा. नवखा माणूस एका चुकीवर दोन-दोन दिवस एकटा झगडत बसतो आणि विचारले तर आपल्याला येत नाही हे कळेल म्हणून गप्प राहतो. वरिष्ठांना त्रास होतो तो या गप्प राहण्याचा. दोन दिवसांनी कळलेली अडचण सोडवायला वेळच उरलेला नसतो. यावर चालणारा नियम असा : पाऊण तास स्वतः प्रयत्न करायचा, तेवढ्यात सुटले नाही तर विचारायचे. विचारताना चार गोष्टी लिहायच्या. काय करायचे होते, काय केले, पडद्यावर काय आले आणि आपला अंदाज काय. ‘हे चालत नाही’ एवढाच संदेश आला तर समोरच्याला उलट पाच प्रश्न विचारावे लागतात. चार ओळींचा नीट संदेश आला तर उत्तर दोन मिनिटांत मिळते, आणि हा माणूस विचार करून विचारतो असे मतही तयार होते. कित्येकदा तर चौथी ओळ लिहितानाच चूक सापडते.

दर महिन्याला वरिष्ठांकडे दहा मिनिटे मागून ‘गेल्या महिन्यात मी कोणती एक गोष्ट वेगळी करायला हवी होती?’ असे विचारावे. ‘माझे काम कसे आहे?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर येते. एक गोष्ट विचारली की नेमके काही मिळते. सहा महिन्यांच्या चाचणी काळात शेवटी धक्का बसण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यातली कानउघाडणी परवडते.

तिच्या बाबतीत चौथ्या महिन्यात चित्र बदलले, त्याला निमित्त लहान होते. बिलांच्या तारखांचा हिशेब करणारा कामातला एक कंटाळवाणा भाग कोणालाच नको होता. तो तिने मागून घेतला आणि त्याचे बारकावे लिहून काढले. त्यानंतर त्या भागात काही बिघडले की लोक तिच्याकडे येऊ लागले. उत्तर ठाऊक असताना इंग्रजी अडखळले तरी ऐकणारा थांबून ऐकतो, हे तिला तिथे कळले.

नेहमीची हुरहुर आणि आजार यांत फरक कसा ओळखायचा?

घरची आठवण लाटेसारखी येते. रविवारी संध्याकाळी, सणाच्या दिवशी, आजारी पडल्यावर ती जास्त छळते आणि मधे चांगले दिवसही जातात. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळपास रोज मन खिन्न राहणे, झोप उडणे किंवा दिवसभर झोपावेसे वाटणे, जेवण न जाणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न उरणे, अशी लक्षणे असतील तर ती नुसती हुरहुर मानू नये. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबण्याचाही प्रश्न नाही. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाची मोफत सोय देतात. ती आहे का, हे रुजू होतानाच्या कागदपत्रांत सापडते.

याची कुणकुण बहुधा खोलीतल्या जोडीदाराला आधी लागते. अंघोळ टाळणे, सुट्टी टाकून खोलीतच पडून राहणे, घरचे फोन न उचलणे, हे त्याला दिसते. अशा वेळी ‘काय झाले?’ असे खोदून विचारण्यापेक्षा बरोबर जेवायला बसणे आणि डॉक्टरकडे सोबत जाणे अधिक उपयोगाचे.

सहा महिन्यांनी फ्लॅट घ्यावा का?

हाताशी थोडे पैसे आणि दोन भरवशाच्या मैत्रिणी असतील, तर घ्यावा. समजा वाकडला तिघींनी मिळून २४ हजारांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. प्रत्येकीला भाडे आठ हजार, म्हणजे पीजीपेक्षा कमी. पण त्यात वीज, गॅस, स्वयंपाकाच्या मावशी आणि किराणा मिळवला की खर्च पीजीच्या वर जातो. शिवाय आधी एकरकमी पैसे लागतात. अनामत ६० हजार आणि एजंटची दलाली एका भाड्याइतकी २४ हजार, म्हणजे प्रत्येकी २८ हजार. महिन्याला दोन हजार वाचवणाऱ्या मुलीला सहा महिन्यांत ही रक्कम जमत नाही. अनेक जणी इथे पुन्हा घरून पैसे मागतात. त्याऐवजी आणखी काही महिने पीजीत काढणे किंवा आधीच राहत असलेल्या मुलींच्या फ्लॅटमध्ये रिकाम्या झालेल्या जागी जाणे स्वस्त पडते. तिथे दलाली लागत नाही आणि अनामतीचा फक्त आपला वाटा द्यावा लागतो. मात्र नवीन नाव करारात घालून घ्यावे.

करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का असते. त्यात अनामतीवरचे दहा टक्के दराने काढलेले व्याजही धरतात. वरच्या उदाहरणात ते सुमारे पावणेसातशे रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. एजंट याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम ‘ॲग्रीमेंट चार्ज’ म्हणून मागत असेल, तर जास्तीचे पैसे त्याच्या सेवेचे आहेत हे लक्षात घेऊन घासाघीस करावी.

किल्ली हातात आल्यावर सामान आत नेण्याआधी भिंतींची ओल, नळ, पंखे, दारांच्या कड्या आणि वीज मीटरचा आकडा यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवावीत. तिघींपैकी एक जण मधेच सोडून गेली तर तिच्या वाट्याचे भाडे किती दिवस कोणी भरायचे, हेही त्याच संध्याकाळी बसून ठरवावे. कारण ६० हजारांची अनामत सहसा एकीच्याच खात्यातून जाते आणि घरमालक ती परतही तिच्याच खात्यात करतो.